सात नंबरला अधिकार कोणी दिला

भाताच्या रोवणीच्या दिवसांत आमच्या कार्यालयात कोणीही कोणीही होत असे. आस्थापनेचे बाबू आपल्या बांधीत गुडघाभर चिखलात उभे, जावकवाले मूल गावी सासऱ्याच्या शेतावर, आणि टंकलेखक आजारी. हा आजार दरवर्षी रोवण्यांबरोबर यायचा आणि रोवणे आटोपले की औषधाविना बरा व्हायचा. मागे उरलेले चारपाच जण सगळ्यांची कामं ओढायचे. जे गेले त्यांच्या सह्या हजेरीपटावर मागे राहिलेले करायचे, म्हणजे सरकारी कागदांनुसार आमच्या कार्यालयातलं एकही माणूस कधी चिखलात उतरलं नव्हतं. आमचे अधीक्षक याला 'रोवण्याची मोकळीक' म्हणत. ही मोकळीक कुठल्याही परिपत्रकात नव्हती, आणि परिपत्रकांपेक्षा जास्त काटेकोरपणे पाळली जात होती.

आमचं कार्यालय म्हणजे एका निमसरकारी मंडळाचं लाकूड-बांबूचं आगार. चंद्रपूरहून मूलकडे जाताना डाव्या हाताला सागाच्या थप्प्या दिसायच्या, त्यांच्या मागे आम्ही. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती, पण तिकडचे कागद अजून आमच्याकडेच यायचे. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. वरच्या लोकांना आधुनिक व्हायची हौस आली आणि आमच्याकडे एक संगणक पाठवला गेला. एक यंत्र, त्याला चार टर्मिनलं, आणि सगळ्या कार्यालयातलं एकमेव वातानुकूल यंत्र त्याच्या खोलीत. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. अधीक्षक साहेबांच्या केबिनमध्ये मात्र सगळे चिखलाच्या पायांनी जात.

त्या यंत्राचा मी रखवालदार. नागपूरला संगणकाचा अभ्यासक्रम करून आलो होतो, वय चोवीस, आणि जगात दोन प्रकारची माणसं असतात, संगणक कळणारी आणि न कळणारी, अशी माझी पक्की समजूत होती. पहिल्या प्रकारात आगारात मी एकटाच होतो, त्यामुळे मला विरोध करणारं कोणी नव्हतं.

हजेरी, आगारातला साठा, रोजंदारी मजुरांची ज्येष्ठता यादी, असे वेगवेगळे पडदे मी बसवले होते. कोणाला कुठल्या पडद्यावर काय करता येईल हे मी ठरवून ठेवायचो. तीन अधिकार होते: पाहणे, भरणे आणि बदलणे. पाहणाऱ्याने फक्त पाहावं, भरणाऱ्याने नवीन नोंद करावी, आणि आधीची नोंद फिरवायची असेल तर बदलण्याचा अधिकार लागायचा. प्रत्येक माणसाला एक नंबर. अधिकार देण्या-घेण्याचं काम ज्या नावाने व्हायचं त्याचं नाव मॅनेजर. मॅनेजर म्हणजे मीच असावं असं ठरलं होतं. पण मी सुटीवर गेलो तर काय, म्हणून त्याचा गुप्त शब्द अधीक्षकांना दिला होता. अधीक्षकांनी तो आस्थापनेच्या बाबूंना दिला होता, कारण साहेबांना टाइप करायचा कंटाळा. गुप्त शब्द होता कार्यालयाचा टेलिफोन नंबर. तो बाहेरच्या पाटीवर रंगवलेला होता.

अधिकार बदलला की यंत्राने त्याची नोंद ठेवावी, अशी सोय मी स्वतः केली होती. तिचा मला भारी अभिमान होता. नोंद अशी पडायची: नंबर, मग 'बदल' हा एक शब्द, मग 'मॅनेजर', मग तारीख. एका ओळीत सगळं. नागपूरहून आलेल्या एका वरिष्ठांना मी ती छापून दाखवली, त्यांनी मान हलवली, चहा प्यायला आणि निघून गेले. त्यांना काय कळलं ते मला माहीत नाही. मला तेव्हा काही कळलं नव्हतं एवढं आता नक्की सांगतो.

सात नंबर आमच्या ऑपरेटर बाईंचा होता. सिंदेवाहीच्या जवळच्या एका गावातल्या, छप्पन्न साली धम्म घेतलेल्या घरातल्या. वडील शेतावर मजुरीला, थोडी जमीन स्वतःची. घरात कार्यालयाच्या खुर्चीवर बसणाऱ्या त्या पहिल्याच. नोकरी तात्पुरती होती, वर्षभर काम पाहून कायम करणार होते. हात इतका वेगवान की माझ्या यंत्राला त्यांच्या मागे धावावं लागे. दर शनिवारी यंत्रातल्या सगळ्याची फ्लॉपीवर नक्कल काढायची असायची. ते काम त्या करायच्या, आणि प्रत्येक फ्लॉपीच्या चिठ्ठीवर पेनाने तारीख लिहायच्या, मोत्यासारख्या अक्षरात.

दिवाळीनंतर नागपूरहून ज्येष्ठता यादी मागवली गेली. यादीतली वरची बारा नावं कायम होणार होती. यादी आगाराच्या भिंतीवर लागली आणि तासाभरात दारासमोर गर्दी झाली. एक माणूस यादीत एकदम अकराव्या जागेवर जाऊन बसला होता. सगळ्या आगाराला माहीत होतं की तो फार उशिरा लागला. यादीत मात्र तो चार वर्षं आधीपासून काम करत होता. तो माणूस दिवसाचं काम संपवून अधीक्षकांच्या घरी पाणी भरायचा, बाग शिंपायचा, हेही सगळ्या आगाराला माहीत होतं. पण हे कोणी बोललं नाही. गर्दी यंत्राच्या खोलीकडे बघत होती.

मी नोंद उघडली. प्रत्येक नोंदीच्या शेवटी ती कोणी शेवटची फिरवली त्याचा नंबर पडायचा. तिथे सात होता.

"मी नाई केलं," बाई म्हणाल्या. "मले तर त्या पडद्यावर बदलताच येत नाई. भरता येते फक्त. तुमीच तर ठेवलं तसं."

मी अधिकारांचा तक्ता काढला. सात नंबरला ज्येष्ठता यादीवर बदलण्याचा अधिकार होता.

बाई तक्त्यावर वाकल्या. मग मला माझी नोंद आठवली आणि मी जरा रुबाबातच म्हणालो, "थांबा, कोणी दिला ते आत्ता कळेल." छापायच्या यंत्राने कुरकुरत कागद बाहेर टाकला. सात नंबरच्या चार ओळी होत्या. चारही ओळींत एकच मजकूर: सात, बदल, मॅनेजर, एक जानेवारी ऐंशी.

एक जानेवारी ऐंशीला आमच्याकडे संगणक नव्हता. मी शाळेत होतो. झालं असं, की यंत्राच्या पोटातली घड्याळाची बॅटरी पहिल्याच पावसाळ्यात मेली होती. वीज गेली की, आणि ती रोज जायची, यंत्र सुरू होताना तारीख विचारायचं. घाईत असलेला माणूस एंटर दाबायचा आणि यंत्र आपल्या जन्मतारखेपासून दिवस मोजायला लागायचं. नवीन बॅटरीची मागणी मी केली होती. ती मंजुरीसाठी नागपूरला गेली होती आणि तिथे सुखात होती.

"म्हनजे?" बाईंनी विचारलं.

म्हणजे अधिकार चार वेळा बदलला होता. दिला होता की काढून घेतला होता, ते नोंदीत नव्हतं. कोणत्या पडद्याचा, तेही नव्हतं. कोण बसलं होतं, ते नव्हतं, कारण मॅनेजर कोणीही असू शकत होता. कधी, ते तर ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मी मोठ्या अभिमानाने उभा केलेला साक्षीदार एवढंच सांगत होता की सात नंबरबरोबर काहीतरी झालं. हे मी त्यांना सांगितलं नाही. "बघतो मी," एवढंच म्हणालो.

आठवड्याभरात चौकशी अधिकारी आले. चांगले गृहस्थ, सफारी घातलेले, घसा बसलेला. त्यांनी अधीक्षकांच्या केबिनमध्ये बैठक मांडली आणि बाईंना निलंबित करून टाकलं. त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं. नोंद सात नंबरने फिरवली, सात नंबरला फिरवण्याचा अधिकार आहे, सात नंबर म्हणजे या बाई. दुसरं काही उरतच नाही. तात्पुरत्या नोकराला काढून टाकायला लांबलचक कागदपत्रं लागत नाहीत, हेही त्यांना माहीत होतं. पुढच्या सोमवारी जबाब घेऊन अहवाल पाठवणार होते.

अधीक्षक माझ्याकडे बघून दुःखाने म्हणाले, "काय करता, यंत्र खोटं बोलत नाई ना." या वाक्याने मला जो राग आला तो आजही ताजा आहे, कारण यंत्राच्या बाजूने बोलायचं काम आगारात माझं होतं.

हे सगळं मी कोणाला सांगितलं तर आगारातल्या हातोडा बाबूंना. ते निवृत्तीला आलेले, जाड भिंगांचा चष्मा, आयुष्यभर जंगलात फिरून आता कोठारात बसलेले. जंगलात तोडायचं प्रत्येक झाड आणि न्यायचं प्रत्येक लाकूड लोखंडी हातोड्याने ठोकून खुणेचं केलं जातं. त्या खुणेशिवाय लाकूड फाटकाबाहेर जात नाही. असे सगळे हातोडे बाबूंच्या ताब्यात, कुलूपबंद पेटीत. मला ते नेहमी विनोदी वाटायचे. पडद्यांच्या जमान्यात एक माणूस हातोड्यांची राखण करतो, असा माझा आविर्भाव.

"बाबूजी, यंत्र सांगतं सातला अधिकार आहे," मी म्हणालो.

"कोनं देला?"

"मॅनेजरने."

"मॅनेजर कोन?"

"तो माणूस नाही, ते नाव आहे. तीन जणांना त्याचा शब्द माहीत आहे."

"मंग तो नावच बोलवा ना जबाबाले," बाबू म्हणाले आणि त्यांनी पेटीवरचं जाडजूड रजिस्टर पुढे सरकवलं. "हे पाहा. आन हसू नका."

मी हसत नव्हतो. त्यात प्रत्येक ओळीला छापील क्रमांक होता, पान फाडलं तर कळावं म्हणून. हातोडा कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेला, दोघांची नावं, हुद्दा नव्हे तर नाव. कुठला हातोडा. कोणाच्या लेखी हुकमाने, हुकमाचा क्रमांक. तारीख आणि वेळ. किती दिवसांसाठी. परत कधी आला. दिला तेव्हा एक ओळ, परत आला तेव्हा दुसरी ओळ, आणि आधीची ओळ खोडायची नाही. चूक झाली तर खाली नवी ओळ लिहायची की वरची चुकली. शेवटी देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही.

"आन हे रजिस्टर माझ्यापाशी राहते," बाबू म्हणाले, "हातोडे घेनाऱ्यापाशी नाई. तुमचा तो कागुद कोनापाशी राहते?"

यंत्रात राहायचा. मॅनेजर म्हणून बसणाऱ्याला तो पुसताही येत होता. हे मी त्यांना सांगितलं, आणि त्यांनी रजिस्टर मिटून परत पेटीवर ठेवलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी मी घरी जेवलो नाही. राग होता तो दुसऱ्यावर काढायला सोपा, पण इथे मूर्ख कोण ते फार उघड होतं. मी नोंदीत 'झालं' एवढं लिहिलं होतं. काय होतं आणि काय झालं, हे दोन्ही लिहायला हवं होतं, ही गोष्ट रोजंदारीवरच्या फाटकवाल्याला कळत होती. संगणक कळणाऱ्याला कळली नव्हती.

मग मला फ्लॉप्या आठवल्या. दर शनिवारच्या नकलेत अधिकारांचा सगळा तक्ता होता, आणि ज्येष्ठता यादीही. नोंद खोटी असली, मुकी असली, तरी दर शनिवारी सात नंबरकडे काय होतं ते एका जागी गोठून राहिलं होतं. आणि यंत्राचं घड्याळ बिघडलेलं असलं तरी चिठ्ठ्यांवरच्या तारखा पेनाने लिहिलेल्या होत्या. मी लोखंडी कपाट उघडलं आणि एकेक फ्लॉपी यंत्रात टाकायला लागलो.

जूनमधल्या एका नकलेत सातला बदलण्याचा अधिकार होता, पुढच्या नकलेत नव्हता. ती चाचणी मीच केली होती, ते आठवलं. चारपैकी दोन ओळी तिथे संपल्या. जुलैच्या सुरुवातीला सात नंबरचा यादीवरचा सगळाच अधिकार गेला होता. ती माझी चूक होती, बाईंनी कुरकुर केल्यावर मी त्याच बैठकीत भरण्याचा अधिकार परत दिला. ती तिसरी ओळ. बदल दोन, काढल्याचा आणि परत दिल्याचा, आणि ओळ मात्र एकच. दुसरी माझ्या नोंदीने गिळली होती. मी कपाळावर हात मारला. दोन बदल एकाच बैठकीत केले तर ती एकच ओळ लिहायची, असं मीच ठरवलं होतं, कागदाची बचत व्हावी म्हणून.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारच्या नकलेत सातकडे बदलण्याचा अधिकार नव्हता आणि तो मजूर आपल्या योग्य जागी, खालच्या पानावर होता. तिसऱ्या शनिवारच्या नकलेत अधिकार होता, आणि मजूर अकराव्या जागेवर.

चौथी ओळ ती हीच. कामाच्या सहा दिवसांची फट. मला आनंद व्हायला हवा होता. पण हे बाईंच्या विरुद्धच गेलं असतं, कारण अधिकार मिळाला आणि लगेच वापरला असं म्हणता आलं असतं. मी ती फ्लॉपी हातात धरून बसलो. मग माझं लक्ष चिठ्ठीकडे गेलं.

अक्षर बाईंचं नव्हतं. गिचमिड, उतरतं, तारखेतला आठ उलटा. ते माझं अक्षर होतं.

त्या शनिवारी नक्कल मी काढली होती, कारण बाई नव्हत्या. रोवण्याला गावी गेल्या होत्या, सगळा आठवडा. त्या वर्षी पाऊस लांबला होता आणि रोवणे ऑगस्टमध्ये चालले होते. घरची माणसं कमी, म्हणून त्यांना जावं लागलं. आणि जाताना त्यांनी मला विचारलं होतं, "भाऊ, माही सही माराल ना?" मी मारली होती. सहा दिवस, हजेरीपटावर, सहा सुंदर सह्या. सरकारी कागदांनुसार बाई सहाही दिवस यंत्रासमोर बसलेल्या होत्या.

आता काय करायचं ते मला कळत होतं आणि तेच करायचं नव्हतं. बाई तिथे नव्हत्या हे सिद्ध करायचं तर त्या नव्हत्या असं म्हणावं लागणार होतं. म्हणजे सह्या खोट्या. म्हणजे मोकळीक. म्हणजे दर पावसाळ्यात अर्धं कार्यालय गायब असतं हे नागपूरला लेखी सांगायचं. आस्थापनेच्या बाबूंना मी चाचपून पाहिलं. "अरे बापरे," ते म्हणाले, "आपलं काऊन काढता भाऊ? बाईले दुसरीकडं लागन काम." टंकलेखकाने सांगितलं की तो तर आजारी होता, त्याच्याकडे त्या काळातलं वैद्यकीय प्रमाणपत्र आहे. अधीक्षकांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. माझ्या कायम होण्याबद्दल ते नागपूरला चांगलं लिहिणार आहेत, असं त्यांनी दोनदा सांगितलं. एकदा सांगितलं असतं तर मी कदाचित ऐकलं असतं.

सोमवारी जबाब झाला. टेबलाच्या एका बाजूला चौकशी अधिकारी, दुसऱ्या बाजूला मी, दाराजवळ बाई, खांद्यावर पदर घट्ट ओढलेला. अधीक्षक एका कोपऱ्यात, फाईल चाळत.

मी फ्लॉप्या मांडल्या आणि दोन शनिवारांचे छापील कागद ठेवले. सहा दिवसांची फट सांगितली.

"आणि त्या सहा दिवसांत बाई हजर होत्या," अधिकारी हजेरीपट उघडून म्हणाले. "ह्या सह्या."

"त्या सह्या माझ्या आहेत," मी म्हणालो.

मी कागदावर बाईंच्या नावाची सही करून दाखवली. हुबेहूब आली. तशी ती माझ्या अंगवळणी पडली होती.

"म्हणजे तुम्ही खोटी हजेरी लावली."

"हो."

"मग ह्या आठवड्यात सात नंबरवर कोण बसलं?"

"माहीत नाही. सात नंबरचा गुप्त शब्द सात हाच होता. सगळ्या ऑपरेटरांचे असेच होते. मी ठेवले."

त्यांनी ते लिहून घेतलं. "आणि अधिकार कोणी दिला? तुमच्याकडे त्याची नोंद आहे ना?"

मी इथे खोटं बोलू शकलो असतो. अधीक्षकांनी दिला असं म्हणू शकलो असतो. माझा संशय तोच होता, आणि तो आजही आहे. पण रोवण्यात मला दिवसातून चारदा कोणी ना कोणी हाक मारून सांगायचं, या नंबरला ते दे, त्या नंबरला हे दे, कोणी बसायला नाई. मी देत सुटायचो. ऐन गर्दीत अधीक्षकांनी दारातून 'सातले सारं दे रे, कोनीतरी बसन' म्हटलं असेल आणि मी चहाचा कप एका हातात धरून ते केलं असेल. केलं असेल किंवा नसेल. जी गोष्ट लक्षात ठेवायची ती नोंदीत ठेवायची, म्हणून मी लक्षात ठेवली नव्हती. आणि नोंदीत मी माझंच नाव लिहिलं नव्हतं.

मी जबाबात लिहून दिलं: हा अधिकार मी दिलाच नाही असं मला सांगता येत नाही. आम्हा तिघांपैकी कोणालाच सांगता येणार नाही.

अधीक्षकांनी फाईल मिटली. त्यांना हे पाहून समाधान झालं असावं, कारण तिघांत विभागलेला दोष एकट्याच्या अंगावर कधीच येत नाही.

अहवाल आला त्यात बाईंना निर्दोष म्हटलेलं नव्हतं. 'पुराव्याअभावी संशयाचा फायदा' असे शब्द होते. ज्या पुराव्याचा अभाव, तो अभाव मी निर्माण केला होता, आणि फायदा त्यांच्या खात्यात जमा झाला. यादी जुन्या जागेवर आली. अकराव्या जागेवरचा माणूस खाली उतरला, आणि तो मला भेटून म्हणाला की त्याला काही ठाऊकच नव्हतं. ते मला खरं वाटलं. मला लेखी ताकीद मिळाली. अधीक्षकांची बदली मुलचेऱ्याकडच्या आगारात झाली, बढतीवर. निरोपसमारंभात त्यांच्या शिस्तप्रियतेचं कौतुक करणारं भाषण माझ्याकडून करून घेतलं.

बाई रुजू व्हायला आल्या तोवर मी यंत्राची नोंद नव्याने लिहून काढली होती. प्रत्येक ओळीला चढता क्रमांक. मॅनेजर बंद, अधिकार देणाऱ्या प्रत्येकाचा स्वतःचा नंबर आणि स्वतःचा गुप्त शब्द. कोणाला दिला, कुठल्या पडद्याचा, आधी काय होतं, आता काय आहे. दिला की काढला. कोणाच्या लेखी हुकमाने, हुकमाचा क्रमांक नसेल तर यंत्र पुढेच जाऊ देत नव्हतं. किती दिवसांसाठी, आणि मुदत संपली की अधिकार आपोआप जाणार, त्याचीही ओळ पडणार. चार टर्मिनलांपैकी कुठल्या टर्मिनलवरून झालं तेही. बॅटरी मी स्वतः आणून बसवली, आणि रोज सकाळी यंत्राचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून त्यावरही सही करायची असं ठरवलं. ओळ पडली की तत्क्षणी ती कागदावर छापली जायची, आणि संध्याकाळी तो कागद हातोडा बाबूंच्या पेटीत. मला तो पुन्हा हाताळायला मिळत नव्हता, हे मला मान्य होतं. बाबूंनी सगळं ऐकून एवढंच म्हटलं, "आता बरं झालं," आणि पेटीला कुलूप लावलं.

पहिल्या दिवशी मी बाईंना तो कागद मोठ्या उत्साहाने दाखवला. क्षमा मागायची होती, पण मला ती मागता येत नव्हती, म्हणून मी ओळ न् ओळ समजावून सांगत सुटलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या नव्या नंबरची पहिली ओळ वाचली. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "इतके दिवस मी घरी बसून हाच इचार करत राह्यली. तुमच्या त्या जुन्या कागुदात चार ओळी होत्या. चारही ओळींत माहा नंबर होता. तुमचा एकाही ओळीत नोता."

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला आणि त्यावर जिथे अधिकार घेणाऱ्याच्या सहीची जागा मी ठेवायची विसरलो होतो, तिथे बोट ठेवलं.